उत्तरालाच विचारा

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पुण्याकडची मुलं ज्याला ‘एम-थ्री’ म्हणतात, तो गणिताचा पेपर येतो आणि त्यात लाप्लास आणि फूरिये या दोन फ्रेंच गणितज्ञांच्या नावांचे ट्रान्सफॉर्म भेटतात. फिजिक्सच्या एम.एस्सी.ला तेच ट्रान्सफॉर्म पुन्हा येतात, थोड्या वेगळ्या वेषात. मी शेवटच्या वर्षाला असल्यामुळे खालच्या वर्गांतली मुलं वह्या घेऊन येतात आणि त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: पान भरून गणित सोडवलंय, शेवटी चौकट काढलीय, पण उत्तर बरोबर आहे की नाही हे कसं कळणार?

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे गणित पुन्हा सोडवणं. तो उपाय कच्चा आहे. ज्या ओळीवर पहिल्यांदा चिन्ह चुकलं, तिथे त्याच सवयीने दुसऱ्यांदाही चुकतं आणि दोनदा तेच उत्तर आल्यामुळे खोटा विश्वास मात्र वाढतो. उत्तर तपासायचं तर वेगळ्या बाजूने शिरायला हवं. मागच्या पायऱ्या झाकून ठेवायच्या आणि शेवटच्या ओळीलाच काही प्रश्न विचारायचे: तुझं एकक काय? तुझी सममिती कोणती? अगदी टोकाच्या परिस्थितीत तू कशी वागतेस? या तीन प्रश्नांनी काय काय पकडता येतं आणि काय निसटतं, हे एकाच गणितावर सविस्तर दाखवायचं आहे.

गणित काय आहे

आधी ट्रान्सफॉर्म म्हणजे काय, ते साध्या शब्दांत पाहू. समजा एका तारेवरचा विद्युतदाब वेळेनुसार बदलतो आहे. या बदलात संथ हेलकावे किती आणि जलद हेलकावे किती, हे फूरिये ट्रान्सफॉर्म सांगतो. त्याची कृती एका वाक्यात मावते: ज्या गतीचा हेलकावा शोधायचा, त्या गतीच्या लाटेने संदेशाला गुणायचं आणि सगळ्या काळावर बेरीज करायची.

F(ω) = ∫ f(t) e^(−iωt) dt

इथे f(t) हा आपला संदेश आणि ω ही लाटेची गती, म्हणजे कोनीय वारंवारता. e^(−iωt) हा भाग पाहून घाबरायला नको. तो cos ωt − i sin ωt एवढाच आहे. म्हणजे संदेशाला एकदा कोसाइनच्या लाटेने गुणलं, एकदा साइनच्या लाटेने गुणलं, आणि दोन्ही हिशेब एकमेकांत मिसळू नयेत म्हणून साइनच्या हिशेबाला i ची खूण लावली. इलेक्ट्रिकलवाले i ऐवजी j लिहितात, कारण त्यांच्याकडे i हे अक्षर विद्युतप्रवाहाला दिलेलं असतं. पुढच्या सगळ्या तपासण्या ‘गुणायचं आणि बेरीज करायची’ या कृतीतूनच निघतात.

आता संदेश घेऊ: f(t) = A e^(−a|t|). शून्य क्षणी दाब A इतका असतो आणि तिथून मागे-पुढे दोन्हीकडे सारखाच उतरत जातो. आकडे घालायचे तर A म्हणजे ५ व्होल्ट आणि a म्हणजे दर सेकंदाला ५००. याचा अर्थ असा की शून्य क्षणाच्या २ मिलिसेकंद आधी आणि २ मिलिसेकंद नंतर दाब सुमारे १.८४ व्होल्ट असतो. आलेखावर मध्ये एक टोकदार शिखर दिसतं आणि दोन्ही बाजूंना सारखे वक्र उतार.

सोडवायची रीतही सरळ आहे. शून्याच्या डावीकडचा तुकडा वेगळा, उजवीकडचा वेगळा. डावीकडून A/(a − iω) येतं, उजवीकडून A/(a + iω). दोन्हींची बेरीज केली की

F(ω) = 2aA/(a² + ω²)

हे बरोबर उत्तर. पण वह्यांत ते नेहमी असंच येत नाही. चार चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली, बेरीज करताना वरचा a निसटतो आणि 2A/(a² + ω²) उरतं. दुसरी, दोन तुकड्यांमध्ये अधिकऐवजी उणे पडतं आणि −2iωA/(a² + ω²) येतं. तिसरी, छेदांचा गुणाकार करताना i² म्हणजे −1 हे विसरलं जातं आणि 2aA/(a² − ω²) तयार होतं. चौथी, संदेश दोन्हीकडे सारखा आहे म्हणून फक्त उजवी बाजू कोसाइनने गुणून काढली जाते आणि शेवटी दुप्पट करायचं राहतं, म्हणून aA/(a² + ω²) मिळतं. ही चार उत्तरं आपण आरोपी म्हणून उभी करू आणि प्रत्येक प्रश्नाला कोण अडकतं ते पाहू.

पहिला प्रश्न: एकक

एककांची तपासणी आणि हा ट्रान्सफॉर्म यांचं नातं जुनं आहे. जोसेफ फूरिये यांनी १८२२ साली उष्णतेवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. धातूमधून उष्णता कशी पसरते हे सोडवण्यासाठी त्यांनी त्यात साइन-कोसाइनच्या लाटांची बेरीज वापरली. त्याच ग्रंथात त्यांनी हेही मांडलं की भौतिक राशींच्या समीकरणातल्या प्रत्येक पदाची लांबी, काळ आणि तापमान यांबाबतची मिती सारखीच असली पाहिजे, नाहीतर ते समीकरण टिकू शकत नाही. म्हणजे ट्रान्सफॉर्म आणि त्याची पहिली तपासणी एकाच लेखणीतून उतरली.

आता आपल्या गणिताकडे येऊ. e च्या डोक्यावर बसलेल्या घाताला एकक असू शकत नाही. at ला एकक नाही आणि t सेकंदांत आहे, म्हणून a चं एकक ‘दर सेकंद’. ωt लाही एकक नाही, म्हणून ω चंही ‘दर सेकंद’. याचा अर्थ a आणि ω यांची बेरीज-वजाबाकी चालते. a² + ω² ही बेरीज शुद्ध आहे, a + ω² अशी बेरीज कुठे दिसली तर ती तिथल्या तिथे बाद.

उत्तराचं एकक काय असायला हवं? इथे बरेच जण चुकतात. संदेश व्होल्टमध्ये आहे म्हणून ट्रान्सफॉर्मही व्होल्टमध्येच असेल असं त्यांना वाटतं. पण बेरीज वेळेवर केलेली आहे. dt हे नुसतं चिन्ह नाही, तो वेळेचा लहानसा तुकडा आहे आणि त्याचे सेकंद गुणाकारात उतरतात. म्हणून F चं एकक व्होल्ट-सेकंद. 2aA/(a² + ω²) मध्ये वर व्होल्ट भागिले सेकंद, खाली एक भागिले सेकंदाचा वर्ग, भागाकार व्होल्ट-सेकंद. जमलं.

पहिलं चुकीचं उत्तर 2A/(a² + ω²) मात्र व्होल्ट-सेकंदवर्ग देतं. ते इथेच बाद झालं आणि त्यासाठी एकही समाकलन करावं लागलं नाही. बाकी तिन्ही उत्तरांचं एकक व्होल्ट-सेकंदच आहे, त्यामुळे ती या प्रश्नातून सुटतात.

या तपासणीचा शत्रू म्हणजे पाठ्यपुस्तकातली सोय. पुस्तकात गणित असं दिलेलं असतं: e^(−|t|) चा ट्रान्सफॉर्म काढा. इथे A आणि a दोन्ही 1 केलेले आहेत. उत्तर 2/(1 + ω²) येतं आणि त्यात एककाचा मागमूस राहत नाही, कारण 1 आणि 1² दिसायला सारखेच. e^(−3|t|) दिलं असेल तर उत्तर 6/(9 + ω²) हवं, पण कुणी 2/(9 + ω²) लिहिलं तर नुसत्या आकड्यांकडे पाहून चूक कळत नाही. म्हणून माझा आग्रह असा की गणित सोडवताना 3 च्या जागी a लिहा, 1 च्या जागीही A आणि a लिहा, उत्तराचं एकक पाहा आणि अगदी शेवटी आकडे घाला. अक्षर जिवंत असेपर्यंतच एकक बोलतं.

एककं आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतात. या गणितात दोनच सामग्री आहेत, A आणि a. व्होल्ट-सेकंद बनवायचे तर A/a हा एकच मार्ग आहे आणि ω ला एककमुक्त करायचं तर ω/a. त्यामुळे उत्तर कसंही निघालं तरी त्याचा साचा ‘A/a गुणिले ω/a वर अवलंबून असलेलं काहीतरी’ असाच असणार. म्हणजे a दुप्पट केला, संदेश दुप्पट वेगाने उतरू लागला, तर ट्रान्सफॉर्मची उंची निम्मी होणार आणि रुंदी दुप्पट. वेळेत आखूड असलेला संदेश वारंवारतेत पसरट असतो हा प्रसिद्ध नियम समाकलन करण्याआधीच हाती येतो.

दुसरा प्रश्न: सममिती

आपला संदेश शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखा आहे. अशा फलनाला सम फलन म्हणतात. साइनची लाट मात्र विषम आहे: शून्याच्या उजवीकडे ती जितकी वर, डावीकडे तितकीच खाली. सम संदेशाला साइनने गुणून बेरीज केली तर उजवीकडचा प्रत्येक तुकडा डावीकडच्या तुकड्याने खोडला जातो. बेरीज शून्य. म्हणजे i ची खूण असलेला सगळा हिशेब नाहीसा झाला पाहिजे आणि उत्तर पूर्णपणे वास्तव असलं पाहिजे. शिवाय कोसाइनला ω चं चिन्ह बदलल्याने फरक पडत नाही, म्हणून उत्तरातही ω च्या जागी −ω घातल्यावर काही बदलता कामा नये.

दुसरं चुकीचं उत्तर −2iωA/(a² + ω²) या दोन्ही कसोट्यांवर पडतं. त्यात i उभा आहे आणि ω चं चिन्ह बदललं की उत्तराचंही बदलतं. हे उत्तर खरं तर दुसऱ्याच संदेशाचं आहे: उजवीकडे A e^(−at) आणि डावीकडे त्याचंच उणे, अशा विषम संदेशाचं. म्हणजे सममिती चूक दाखवते आणि ती कुठे झाली तेही सुचवते. दोन तुकड्यांच्या मधलं चिन्ह पाहा, असं ती जवळजवळ बोट ठेवून सांगते.

संदेश सम किंवा विषम नसेल तर? समजा तो शून्य क्षणी अचानक सुरू होतो आणि मग विरत जातो, जसा भारित कपॅसिटर रोधातून रिकामा होतो. मग फक्त उजवा तुकडा उरतो आणि उत्तर A/(a + iω) येतं. यात i आहे आणि तो असायलाच हवा. पण सममितीचा प्रश्न तिथेही संपत नाही. कुठल्याही वास्तव संदेशाच्या उत्तरात ω ऐवजी −ω घालणं आणि i ऐवजी −i घालणं या दोन्हींचा परिणाम सारखाच झाला पाहिजे. A/(a + iω) मध्ये दोन्ही केल्यावर A/(a − iω) मिळतं, म्हणजे ठीक. याउलट कुणी A/(ia + ω) असं उत्तर आणलं तर −ω घातल्यावर A/(ia − ω) येतं आणि −i घातल्यावर A/(−ia + ω). ही दोन जुळत नाहीत, म्हणून उत्तर चूक. व्होल्टमीटरवर दिसणारा कुठलाही दाब वास्तवच असतो, त्यामुळे ही कसोटी जवळजवळ सगळीकडे लागू पडते.

तिसरं आणि चौथं चुकीचं उत्तर, म्हणजे 2aA/(a² − ω²) आणि aA/(a² + ω²), सममितीतूनही सहीसलामत सुटतात. दोन्ही वास्तव आहेत, दोन्ही सम आहेत. आता तिसऱ्या प्रश्नाशिवाय गत्यंतर नाही.

तिसरा प्रश्न: टोकाची परिस्थिती

पहिलं टोक ω = 0. शून्य गतीची लाट म्हणजे लाट नाहीच. कोसाइन सगळीकडे 1, साइन सगळीकडे 0. तेव्हा गुणाकाराने काहीच बदलत नाही आणि उरते ती संदेशाची निव्वळ बेरीज, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ. आपल्या संदेशाचं क्षेत्रफळ काढायला ट्रान्सफॉर्म लागत नाही. एका बाजूचं A/a, दोन्हींचं 2A/a. आकड्यांत १० भागिले ५००, म्हणजे ०.०२ व्होल्ट-सेकंद.

बरोबर उत्तरात ω = 0 घातला की 2aA/a², म्हणजे 2A/a. चौथ्या उत्तरात A/a येतं, बरोबर निम्मं. राहिलेली दुप्पट इथे उघडी पडली. मला ही तपासणी सगळ्यांत लाडकी आहे, कारण दोनने गुणायचं-भागायचं राहणं ही सर्वांत सहज होणारी चूक आणि एकक किंवा सममिती तिला कधीच पकडू शकत नाहीत.

तिसरं उत्तर 2aA/(a² − ω²) मात्र ω = 0 ला बरोबर 2A/a देतं आणि इथूनही निसटतं. मग मधली जागा पाहू. ω = a घातलं की छेद शून्य होतो आणि उत्तर अनंत. हे शक्य आहे का? ट्रान्सफॉर्म म्हणजे गुणून केलेली बेरीज. गुणणारी लाट कधीही 1 पेक्षा मोठी होत नाही. मग बेरीज संदेशाच्या क्षेत्रफळापेक्षा मोठी होईलच कशी? आपल्या संदेशात कुठेही उणे दाब नाही, त्यामुळे F चं मूल्य कुठल्याच ω ला ०.०२ व्होल्ट-सेकंदाच्या पुढे जाता कामा नये. ५०० या गतीला अनंत दाखवणारं उत्तर म्हणूनच अशक्य. बरोबर उत्तर तिथे ०.०१ देतं, शिखराच्या निम्मं.

दुसरं टोक ω फार मोठा. लाट इतकी जलद झाली की तिच्या एका हेलकाव्यात संदेश जवळजवळ बदलतच नाही. वरचा अर्धा हेलकावा खालच्या अर्ध्याने खोडला जातो आणि बेरीज शून्याकडे जाते. ज्या संदेशाचं क्षेत्रफळ मर्यादित आहे, त्याचा ट्रान्सफॉर्म दूरवर शून्याकडे गेलाच पाहिजे. गणितात याला रीमान-लबेग यांचं प्रमेय म्हणतात. पण ‘शून्याकडे जातो’ एवढ्यावर थांबू नये. कसा जातो, हे विचारावं. संदेशात उडी असेल, म्हणजे दाब एकदम ० वरून ५ व्होल्ट होत असेल, तर ट्रान्सफॉर्म दूरवर 1/ω च्या चालीने उतरतो. उडी नसेल पण टोक असेल, म्हणजे चढण एकदम उतरणीत बदलत असेल, तर 1/ω² च्या चालीने. आणि संदेश सगळीकडे गुळगुळीत असेल तर त्याहून जलद. आपल्या संदेशाला शून्य क्षणी टोक आहे आणि 2aA/(a² + ω²) दूरवर 2aA/ω² सारखंच वागतं. कपॅसिटरच्या संदेशात उडी होती आणि A/(a + iω) दूरवर 1/ω च्या चालीने जातं. आकृती पाहून उत्तराची चाल आधीच सांगता येते.

टोक केवळ ω ला नसतं. a लाही टोकं आहेत. a शून्याकडे नेला तर संदेश उतरेनासा होतो आणि सर्वकाळ A हाच स्थिर दाब राहतो. स्थिर दाबात कुठल्याच गतीचा हेलकावा नाही. उत्तर काय म्हणतं? कुठलाही ω ≠ 0 घ्या, a लहान होत गेला की 2aA/(a² + ω²) शून्याकडे जातं आणि ω = 0 ला मात्र 2A/a अमर्याद वाढतं. सगळा भार शून्यावर गोळा झाला, जसा व्हायला हवा तसा.

2π चा घोळ आणि उलटी तपासणी

आता अशी एक चूक पाहू जी आतापर्यंतच्या बहुतेक प्रश्नांतून सुटते. वारंवारता मोजायच्या दोन पद्धती आहेत. ω म्हणजे दर सेकंदाला किती रेडियन आणि ν म्हणजे दर सेकंदाला किती पूर्ण फेरे, ज्याला आपण हर्ट्झ म्हणतो. ω = 2πν. हर्ट्झमध्ये बरोबर उत्तर 2aA/(a² + 4π²ν²) होतं. घाईत कुणी ω पुसून तिथे नुसतं ν लिहिलं तर 2aA/(a² + ν²) तयार होतं. याचं एकक बरोबर आहे, कारण रेडियनला एकक नाही आणि हर्ट्झही ‘दर सेकंद’च. सममिती बरोबर. शून्याजवळचं मूल्य बरोबर. दूरची चालही 1/ν² चीच. तरी उत्तर चूक आहे.

याला पकडण्यासाठी उलट्या दिशेने जायचं. ट्रान्सफॉर्मवरून संदेश परत मिळवताना वारंवारतेवर बेरीज करतात. t = 0 या क्षणापुरतं पाहिलं तर तिथेही लाट 1 असते, म्हणून हर्ट्झच्या पद्धतीत ट्रान्सफॉर्मच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ f(0) इतकं, म्हणजे A इतकं आलं पाहिजे. बरोबर उत्तराचं क्षेत्रफळ A येतं. चुकीच्या उत्तराचं 2πA येतं, ५ व्होल्टऐवजी सुमारे ३१.४ व्होल्ट. ω च्या पद्धतीत हीच तपासणी अशी असते: क्षेत्रफळ काढा, 2π ने भागा, f(0) आलं पाहिजे. 2aA/(a² + ω²) चं ω वरचं क्षेत्रफळ 2πA आहे, भागल्यावर A. जमलं.

इथे आणखी एक सावधगिरी लागते. काही पुस्तकं ट्रान्सफॉर्मच्या व्याख्येतच 1/√(2π) घालतात, काही 1/(2π) घालतात, काही काहीच घालत नाहीत. काही जण e^(−iωt) ऐवजी e^(iωt) घेतात. दोन मित्रांची उत्तरं √(2π) पटीने वेगळी आली तर दोघंही बरोबर असू शकतात. म्हणून कुठलीही तपासणी करण्याआधी वहीच्या माथ्यावर आपली व्याख्या लिहावी आणि ω = 0 चं मूल्य त्या व्याख्येतूनच काढावं. 1/√(2π) वाल्या पुस्तकात ते 2A/a नसून 2A/(a√(2π)) असेल.

तपासण्यांच्या मर्यादा

शाळेत गुणाकाराला नवाचा पडताळा घेतात. पडताळा चुकला तर उत्तर नक्की चूक. पडताळा जुळला तर उत्तर बरोबर असेलच असं नाही, कारण ५४ च्या जागी ४५ लिहिलं तरी तो जुळतो. आपल्या तपासण्यांचंही तसंच आहे. याचा पुरावा म्हणून मुद्दाम रचलेलं एक उत्तर पाहा: (2A/a) e^(−ω²/(πa²)). एकक व्होल्ट-सेकंद. वास्तव आणि सम. शून्याला 2A/a. कुठेही मर्यादेबाहेर जात नाही. दूरवर शून्याकडे जातं. ω वरचं क्षेत्रफळही बरोबर 2πA. तरीही ते आपल्या संदेशाचं उत्तर नाही. फक्त एकाच प्रश्नाला ते अडकतं: दूरची चाल. ते 1/ω² पेक्षा कितीतरी जलद उतरतं आणि टोक असलेल्या संदेशाचा ट्रान्सफॉर्म इतक्या जलद उतरू शकत नाही. ω = 5000 ला बरोबर उत्तर सुमारे ०.०००२ व्होल्ट-सेकंद आहे. या बनावट उत्तराचं मूल्य तिथे त्याच्या अब्जाव्या भागापेक्षाही लहान भरतं. म्हणून एकाच तपासणीवर विसंबू नये आणि निदान एक तपासणी अशी निवडावी जी आपल्या संदेशाच्या खास आकाराबद्दल विचारते.

तपासण्यांना स्वतःच्या अटीही असतात. ω = 0 म्हणजे क्षेत्रफळ, हे क्षेत्रफळ मर्यादित असेल तरच खरं. लाप्लास ट्रान्सफॉर्ममध्ये हीच अट जास्त बोचते. तिथे s शून्याकडे नेऊन sF(s) पाहिलं की संदेश शेवटी कुठे स्थिरावतो ते कळतं, असा नियम मुलं पाठ करतात. sin bt चा लाप्लास ट्रान्सफॉर्म b/(s² + b²) आहे. त्याला s ने गुणून s शून्याकडे नेला तर 0 मिळतं. पण साइनची लाट शून्यावर कधी स्थिरावतच नाही, ती हेलकावतच राहते. e^(at) चा 1/(s − a) घेतला तरी 0 मिळतं आणि संदेश तर a धन असताना अनंताकडे पळत असतो. संदेश खरोखर स्थिरावतो याची खात्री असेल तरच हा नियम वापरता येतो. म्हणजे sF(s) च्या छेदाची सगळी मुळं वास्तव भागात ऋण असायला हवीत. अट न पाहता केलेली तपासणी बरोबर उत्तराला चूक ठरवू शकते आणि चुकीच्या उत्तराला बरोबर.

वहीत हे कसं करावं

क्रम महत्त्वाचा आहे, कारण स्वस्त प्रश्न आधी विचारले की वेळ वाचतो. आधी व्याख्या लिहा. मग एकक पाहा. त्याला अर्धा मिनिट पुरतो. मग संदेशाची ओबडधोबड आकृती काढा आणि तिच्यावरून उत्तर वास्तव हवं की नाही, सम हवं की विषम, ते ठरवा. मग क्षेत्रफळ काढून ω = 0 शी जुळवा. मग दूरची चाल पाहा आणि आकृतीत उडी आहे की टोक, त्याच्याशी ताडा. 2π बद्दल शंका उरली तरच उलटं क्षेत्रफळ काढा. एखादी तपासणी फसली तर सगळं गणित खोडू नका. एकक फसलं असेल तर अक्षर निसटलंय, सममिती फसली असेल तर चिन्ह चुकलंय, शून्याचं मूल्य फसलं असेल तर गुणक राहिलाय. त्या ओळीकडे थेट जा.

पेपर तपासणारे शिक्षक अशा तपासण्यांना वेगळे गुण देतीलच असं नाही. पण नोकरीत किंवा संशोधनात समोर येणाऱ्या ट्रान्सफॉर्मची उत्तरं कुठल्याच पुस्तकाच्या मागे छापलेली नसतात, तिथे हेच तीन प्रश्न हाताशी असतात. तेव्हा पुढचं गणित सोडवायला घ्याल तेव्हा एवढं करा: a च्या जागी आकडा घालण्याआधी थांबा आणि उत्तराचं एकक विचारा.